देईल, द्यावे, देता येईल

मुंबईतल्या एका करारावरचा वाद २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वकील मंडळी त्याला वेलिंग्टन असोसिएट्सचा निकाल म्हणून ओळखतात. करारातल्या एका अटीत लिहिले होते की, वाद झालाच तर तो चालवण्याचा अधिकार मुंबईच्या न्यायालयांना राहील. त्याला लागूनच लवादाची अट होती. प्रत्येक बाजूने आपला एकेक लवाद नेमावा अशी त्यात तरतूद होती. प्रत्यक्ष वाद झाला तेव्हा एका बाजूला लवाद हवा होता, दुसरी बाजू मात्र नको म्हणत होती. सारा प्रश्न इंग्रजी मजकुरातल्या एका शब्दावर येऊन ठेपला. वाद लवादाकडे नेण्याबाबत तिथे ‘शॅल’ नव्हते, ‘मे’ होते.

न्यायालयाने त्या ‘मे’ला ‘मे’च मानले. दोन्ही बाजूंना लवादाकडे जाण्याची मुभा आहे, पण कोणावर सक्ती नाही, आणि जायचेच असेल तर वाद झाल्यावर दोघांनी नव्याने संमती द्यायला हवी, असा अर्थ लावला. एकाची संमती नव्हती, म्हणून लवाद नेमून मागणाऱ्याची मागणी फेटाळली गेली.

आता ही अट मराठीत आणायची आहे असे समजू. कायद्याच्या मराठीत दोन रचना अगदी सवयीच्या आहेत. ‘वाद लवादाकडे सोपविण्यात येईल’ ही एक, आणि ‘वाद लवादाकडे सोपविता येईल’ ही दुसरी. पहिलीत बंधन आहे, दुसरीत मुभा. दोन्हींच्या शेवटी ‘येईल’ आहे आणि मधल्या ‘ण्यात’ व ‘ता’ एवढ्यावरच सगळा फरक उभा आहे. संध्याकाळी उशिरा पानामागून पान टंकलिखित करणाऱ्याच्या हातून तो सहज निसटतो. मुद्रितशोधनातही सापडत नाही, कारण दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत. मूळ करारात ज्याला न्यायालयात जाण्याचा मार्ग मोकळा होता, त्याचा तो मार्ग मराठी प्रतीत बंद झालेला असतो.

करारांचे भाषांतर करणाऱ्यांच्या बोलण्यात एक समीकरण नेहमी ऐकू येते: ‘शॅल’ म्हणजे ‘-ईल’, ‘मे’ म्हणजे ‘शकतो’, ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’. या समीकरणावर विसंबणे धोक्याचे आहे. मुळात इंग्रजीतच हे शब्द एका कामाला बांधलेले नाहीत. त्यातला ‘शॅल’ सर्वात बेभरवशाचा. तो कधी एखाद्या पक्षावर बंधन घालतो, कधी नुसती वस्तुस्थिती ठरवतो (‘कराराची मुदत अकरा महिन्यांची राहील’ यात कोणी काही करायचे नसते), आणि कधी केवळ भारदस्तपणासाठी आलेला असतो. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ साली नव्या भाषेत लिहिले गेले तेव्हा त्यांतून ‘शॅल’ काढून टाकण्यात आला. करारलेखनावर ज्यांचे पुस्तक तिकडचे वकील हाताशी ठेवतात ते केनेथ अॅडम्स मात्र ‘शॅल’ ठेवायला सांगतात, पण एकाच कामासाठी. वाक्याचा कर्ता असलेल्या पक्षावर कर्तव्य लादायचे असेल तेव्हाच. ‘शॅल’च्या जागी ‘याचे कर्तव्य आहे’ असे घालून वाक्य वाचावे, आणि अर्थ बसला नाही तर तिथे ‘शॅल’ नको, ही त्यांची कसोटी.

‘शॅल’ असला की बंधन आलेच, असेही नाही. २००७ सालच्याच जगदीश चंदर खटल्यात भागीदारीच्या कराराची अट होती. भागीदारांत वाद झाला तर तो आपसांत मिटवायचा किंवा लवादाकडे सोपवायचा, असे तिथे ‘शॅल’ घालूनच लिहिले होते. पण वाक्याच्या शेपटीला ‘पक्षांनी तसे ठरवल्यास’ अशी जोड होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की या शेपटीमुळे पुढे कधीतरी ठरवण्याची शक्यता तेवढी उरते, हा लवादाचा करार नव्हेच. भाषांतरकाराने इथे ‘सोपविणे बंधनकारक राहील’ असे ठणकावून लिहिले आणि शेपटी वाक्याच्या सुरुवातीला नेऊन मवाळ केली, तर मुळात नसलेले बंधन मराठीत जन्माला येते. बंधनाचे वजन क्रियापदात जेवढे असते तेवढेच त्याला जोडलेल्या ‘तर’, ‘ठरवल्यास’, ‘योग्य वाटल्यास’ यांतही असते.

मग काय धरून चालायचे? मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो: हे केले नाही तर काय होईल? उत्तरे साधारण तीन येतात. न करणाऱ्याने करार मोडला असे ठरेल आणि समोरच्याला भरपाई मागता येईल, हे पहिले उत्तर. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये या भरपाईची तरतूद आहे. दुसरे उत्तर असे की करार मोडत नाही, पण केलेली गोष्ट लागू पडत नाही. तिसरे उत्तर म्हणजे काहीच होत नाही, कारण ती गोष्ट करायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. मराठी क्रियापद निवडायचे ते या उत्तरावरून. इंग्रजी शब्द त्यात फक्त पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात सर्वाधिक लोकांच्या हातात पडणारा करार घेऊन हे पाहू या. घर भाड्याने देताना होणारा लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. मसुदा बहुतेकदा इंग्रजीत तयार असतो. वृद्ध मालक किंवा गावाकडून आलेला भाडेकरू ‘मराठीत काय लिहिलंय ते सांगा’ म्हणतो, म्हणून त्याचे मराठी होते. (कायद्याच्या भाषेत इथे ‘भाडेकरू’ म्हणायचे नसते, तो परवानाधारक. पण घरात कोणी तसे बोलत नाही, म्हणून मीही भाडेकरूच म्हणतो.)

अनामत रकमेची अट घ्या. इंग्रजीत साधारण असे असते: भाडेकरूने जागा सोडतेवेळी मालकाने अनामत एक लाख रुपये बिनव्याजी परत करायचे (इथे ‘शॅल’), आणि वीजबिल वा मोडतोड यांची रक्कम त्यातून तो वजा करू शकेल (इथे ‘मे’). मी पाहिलेल्या मराठी प्रतींमध्ये या अटीचे रूप बरेचदा असे असते: ‘जागा सोडल्यानंतर अनामत रक्कम परत करण्यात यावी व देय रकमा वजा करण्यात येतील.’

कानाला हे वाक्य रीतसर वाटते, कारण सरकारी कागदांत आपण हेच वळण वाचत आलो आहोत. नीट पाहिले तर त्यात चार गोष्टी बिघडल्या आहेत.

पहिला बिघाड ‘यावी’चा. ‘करावे’, ‘द्यावे’, ‘पाठवावे’ ही रूपे शासनाच्या परिपत्रकात हुकूम असतात. वरचे कार्यालय खालच्याला लिहिते, ‘अहवाल सात दिवसांत पाठवावा’, आणि अहवाल जातो. पण हा जोर त्या रूपात नसतो, तो लिहिणाऱ्याच्या अधिकारात असतो. करारात दोन्ही पक्ष बरोबरीचे. तिथे कोणी कोणाचा वरिष्ठ नाही, त्यामुळे ‘परत करावी’ ही विनंती किंवा सल्ला होऊन बसते. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवावी’ लिहितात, त्या पंक्तीत. कार्यालयीन मराठीत मुरलेला माणूस करार लिहायला बसला की हमखास इथे फसतो. त्याच्या अनुभवात ‘करावे’ नेहमी पाळलेच जात आलेले असते.

दुसरा बिघाड कर्त्याचा. ‘परत करण्यात यावी’ म्हणजे कोणी करायची? इंग्रजीत ‘मालक’ वाक्याच्या तोंडाशी होता, मराठीत तो नाहीसा झाला. ‘-ण्यात येईल’ हे वळण शासनाच्या निवेदनासाठी ठीक आहे, कारण तिथे कर्ता शासनच असतो. करारातले प्रत्येक बंधन मात्र कोणाच्या तरी खांद्यावर असावे लागते. घर दोन भावांच्या नावावर असेल आणि करारावर एकाचीच सही असेल, तर कर्ता नसलेल्या या वाक्यावरून पुढे किती बोलाचाली होऊ शकते, याची कल्पना करता येईल.

तिसरा बिघाड वेळेचा. ‘जागा सोडतेवेळी’चे ‘सोडल्यानंतर’ झाले. न्यायालयात गेले तर अनामत परत मिळणार नाही असे सहसा होत नाही, कारण परत करायची म्हणूनच तिला अनामत म्हणतात. पण केव्हा परत करायची, हे या एका शब्दावर अवलंबून होते. किल्ली देताना धनादेश हातात पडणे आणि ‘नंतर’ कधीतरी पडणे यांत भाडेकरूची दुसऱ्या घराची अनामत अडकते. कर्तव्याला वेळ जोडलेली असेल तर ती वेळ कर्तव्याइतकीच घट्ट धरून भाषांतर करावे लागते.

चौथा बिघाड उलट्या दिशेचा आहे. तिकडे वजा करण्याची मुभा होती, इकडे ‘वजा करण्यात येतील’ झाले. मालकाच्या बाजूने लिहिलेली ही सोय मराठीत निश्चित घटना बनली. एकाच वाक्यात बंधन सैल झाले आणि मुभा घट्ट झाली. दोन्हींचा फायदा एकाच बाजूला मिळाला, आणि ते कोणी मुद्दाम केलेले नाही, हे मला अधिक अस्वस्थ करते.

हीच अट मी अशी लिहीन: ‘भाडेकरू जागेचा ताबा परत देईल त्याच वेळी मालक त्याला अनामत रक्कम रुपये १,००,००० (अक्षरी रुपये एक लाख फक्त) बिनव्याजी परत देण्यास बांधील राहील. भाडेकरूकडून येणे असलेले वीजबिल आणि जागेच्या मोडतोडीचा खर्च या रकमेतून वजा करून घेण्याचा अधिकार मालकास राहील.’ ‘बांधील राहील’ आणि ‘अधिकार राहील’ ही जोडी शेजारी आली की कोणावर काय आणि कोणाला काय, हे वाचणाऱ्याला ऐकूनही कळते. ‘मालक वजा करू शकतो’ असेही लिहितात. पण ‘शकतो’मध्ये ताकद आणि परवानगी एकमेकांत मिसळतात. मालक हवे ते वजा करू शकतोच, पैसे त्याच्याच खात्यात आहेत. प्रश्न त्याला तसा हक्क आहे का, हा आहे.

पण प्रत्येक ‘शॅल’ला ‘बांधील राहील’ लावले तर वीस पानांचा करार वाचवणार नाही. तिथे ‘-ईल’ वापरावाच लागतो. फक्त त्याचा एक स्वभाव ओळखून. ‘मी दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भाडे देईन’ हे वचन आहे. ‘तो ५ तारखेच्या आत भाडे देईल’ हा अंदाज वाटतो, जणू शेजारी धीर देतो आहे. क्रियापद तेच, काळ तोच. माणूस बदलला आणि वचनाचे भाकीत झाले. जुने दस्त प्रथमपुरुषात असत. ‘लिहून देणार’ स्वतःच बोलत असे, आणि ‘देईन’, ‘कबूल आहे’, ‘माझी तक्रार राहणार नाही’ या शब्दांत त्याने दिलेला शब्द ऐकू येई. इंग्रजी मसुद्यांमुळे आपण तृतीयपुरुषाकडे वळलो आणि ही ताकद वाटेत गळाली. ती परत आणायचा सोपा उपाय आहे. व्याख्यांच्या कलमात एक वाक्य घालायचे: ‘या करारात एखाद्या पक्षाबाबत देईल, करील, ठेवील अशी रूपे आली असतील तेथे ते त्या पक्षावरील बंधन आहे असे दोन्ही पक्षांना मान्य आहे.’ मूळ इंग्रजीत असे वाक्य नसेल तर भाषांतरकाराने ते स्वतः होऊन घालायचे नाही, वकिलाला विचारून घालायचे. तेवढेही शक्य नसेल तर ‘भाडे दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत द्यावयाचे आहे’ हे जुन्या दस्तांतले ‘-वयाचे आहे’ वळण हाताशी असतेच. अंदाजाची छटा त्यात नाही. मात्र कर्ता त्यातही सुटू शकतो, म्हणून ‘भाडेकरूने’ लिहायला विसरायचे नाही.

आता ‘मस्ट’. याच करारात असते की, मुदतीपूर्वी जागा सोडायची तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल, आणि नोटीस लेखी असलीच पाहिजे. हा दुसरा ‘मस्ट’ ऐकायला सगळ्यात कडक, पण त्याचा प्रकार निराळा आहे. भाडेकरूने जिन्यात भेटून तोंडी सांगितले तर त्याने करार मोडला असे होत नाही, त्याच्याकडून भरपाई वसूल होत नाही. फक्त ती नोटीस म्हणून धरली जात नाही, आणि महिन्याची मोजणी सुरू होत नाही. हे वर सांगितलेले दुसरे उत्तर. ‘भाडेकरू लेखी नोटीस देण्यास बांधील राहील’ असे भाषांतर केले तर भाडेकरूवर एक नवे कर्तव्य चढते आणि मूळ परिणाम, म्हणजे नोटीस लागू न होणे, कुठेच उरत नाही. इथे परिणामच लिहिणे बरे: ‘नोटीस लेखी असल्यासच ग्राह्य धरली जाईल.’ इंग्रजीत ‘मस्ट’, मराठीत ‘पाहिजे’ही नाही आणि ‘बंधनकारक’ही नाही, तरी वजन तंतोतंत तेच.

नकारात हा गुंता वाढतो. ‘मालकावर दरवर्षी रंगकाम करण्याचे बंधन राहणार नाही’ आणि ‘मालक दरवर्षी रंगकाम करणार नाही’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात मालक मोकळा आहे, रंग लावायचा तर लावील. दुसऱ्यात त्याने न लावण्याचे कबूल केले आहे. इंग्रजीत ‘शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू’ आणि ‘शॅल नॉट’ असा भेद असतो, आणि घाईत तो गाळला जातो. ‘मे नॉट’ त्याहून फसवा. ‘भाडेकरू पार्किंगची जागा वापरू शकणार नाही’ म्हणजे परवानगी नाही, की गाड्या इतक्या असतील की जागा मिळणार नाही? मनाई असेल तर ‘वापरता येणार नाही’पेक्षाही ‘वापरण्यास मनाई राहील’ हे स्वच्छ. पोटभाडेकरूच्या अटीत ‘ठेवू नये’ दिसले की मी ते खोडतो. तिथे ‘ठेवणार नाही’ हवे, म्हणजे ती भाडेकरूची कबुली होते.

शाळेत आपल्याला शिकवलेले असते की एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ देऊ नये. चांगले मराठी लिहिणारा माणूस म्हणून एका अटीत ‘बांधील राहील’, दुसरीत ‘बंधनकारक असेल’, तिसरीत ‘अनिवार्य आहे’, चौथीत ‘द्यावेच लागेल’ असे लिहितो. करारात हा लेखनगुण घातक ठरतो. शब्द वेगळा म्हणजे अर्थ वेगळा असलाच पाहिजे, असे म्हणणारा वकील समोर उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे तर्काला धरून असते. कर्तव्याला एक रूप, मुभेला एक, मनाईला एक, ग्राह्यतेच्या अटीला एक, अशी चार रूपे कामाच्या सुरुवातीलाच ठरवून ती शेवटच्या पानापर्यंत न कंटाळता वापरावी लागतात.

न्यायालये फक्त शब्दावर जात नाहीत, हेही खरे. संविधानाच्या कलम ३२० मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल ‘शॅल’ आहे. तरी मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. काही कायद्यांत याउलट ‘मे’चा अर्थ ‘शॅल’सारखा लावला गेला आहे. पूर्ण दस्त, त्याचा हेतू, आजूबाजूची कलमे पाहून न्यायाधीश ठरवतात. पण म्हणून भाषांतरकाराने तो अर्थ आधीच लावून टाकायचा नाही. मूळ ‘मे’ संदिग्ध असेल तर मराठीही तेवढेच संदिग्ध ठेवायचे आणि समासात टीप लिहून वकिलाकडे पाठवायचे. वाद झाल्यास तो ‘मे’ काय आहे हे ठरवण्याची संधी दोन्ही पक्षांची आहे.

काम झाल्यावर तपासायची माझी पद्धत अशी. मराठी प्रत मी इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला देतो आणि प्रत्येक अटीपुढे तीनच गोष्टी लिहायला सांगतो: हे कोणी करायचे, केलेच पाहिजे का, नाही केले तर काय. त्याचे कागद मूळ इंग्रजीशी जुळवले की ढिले पडलेले सांधे लगेच दिसतात. ‘कोणी’चा रकाना कोरा राहिला तर कर्ता हरवला आहे. ‘केलेच पाहिजे का’ समोर ‘बहुतेक’ लिहिले असेल तर कुठेतरी ‘करावे’ शिरले आहे. इतक्या बारकाईने सगळा करार तपासायला वेळ नसेल, तर पैसा, मुदत, ताबा आणि वाद मिटवण्याची अट एवढी चार कलमे तरी तपासावी. भांडणे तिथेच होतात.

काही बंधनांना कायद्याचा आधार असतो, काहींना नसतो, हेही त्या वेळी ध्यानात ठेवावे लागते. मुदत संपल्यावर भाडेकरूने जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मराठी प्रतीत ‘जागा सोडावी’ असे सैल लिहिले गेले तरी तो परिणाम कायद्यातूनच येतो. जागा सोडतेवेळीच अनामत परत देण्याच्या अटीला मात्र त्या अधिनियमात अशी दुपटीची टाच नाही. तिथे करारातले शब्दच कामी येतात.

आणि दोन्ही प्रतींवर सह्या होणार असतील, तर तफावत आढळल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, हे कलम सही करण्यापूर्वी शोधा. बहुतेक मसुद्यांत इंग्रजीच ग्राह्य असते. तसे असेल तर मराठी वाचून सही करणाऱ्याला ते मराठीतच, पहिल्या पानावर, स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे: ‘या करारातील बंधने इंग्रजी प्रतीप्रमाणे ठरतील, ही मराठी प्रत माहितीसाठी आहे.’ हे वाक्य मी शेवटच्या पानावरच्या किरकोळ अटींत राहू देत नाही. मालकांची किंवा त्यांच्या एजंटची नाराजी ओढवली तरी ते वर आणतो.